हप्ता तोच, वाटणी दर महिन्याला वेगळी

आर्थिक वर्ष संपलं की गृहकर्ज घेतलेल्या घरांमध्ये बँकेचा एक कागद येतो: वर्षभरात भरलेल्या व्याजाचं प्रमाणपत्र. प्राप्तिकराच्या विवरणपत्रासाठी तो लागतो, म्हणून निदान त्या दिवशी तरी तो नीट वाचला जातो, आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ३० लाखांचं कर्ज, २० वर्षांची मुदत आणि साडेआठ टक्के व्याजदर असेल, तर महिन्याचा हप्ता २६,०३५ रुपये पडतो. पहिल्या १२ हप्त्यांत ३,१२,४२० रुपये भरून होतात. त्यातले २,५२,७०९ रुपये व्याजात गेलेले असतात आणि मुद्दल फिटलेलं असतं फक्त ५९,७११ रुपये.

इथूनच तो समज पसरतो, जो सोसायटीच्या बैठकीपासून ऑफिसच्या डब्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतो: ‘बँका आधी सगळं व्याज काढून घेतात, मुद्दलाला नंतर हात लावतात.’ हा समज चुकीचा आहे. चुकीचा असून नुसता राहिला असता तर चाललं असतं, पण त्याच्या जोरावर लोक पैशांचे मोठे निर्णय घेतात. ‘दहा वर्षं झाली, व्याज तर सगळं गेलंच, आता लवकर फेडून काय फायदा?’ असं म्हणून हातातली रक्कम दुसरीकडे लावणारे खूप आहेत. म्हणून हा हप्ता कसा ठरतो आणि आतून कसा सरकत जातो, हे एकदा कागदावर मांडून बघायला हवं. बेरीज, गुणाकार आणि भागाकार एवढंच त्याला लागतं.

वरचंच कर्ज घेऊ. वर्षाला साडेआठ टक्के म्हणजे महिन्याला त्याचा बारावा भाग, ०.७०८३ टक्के. पहिल्या महिन्यात सगळे ३० लाख तुमच्याकडे होते, म्हणून त्यांचं महिन्याचं व्याज २१,२५० रुपये. हप्ता २६,०३५ चा. व्याज वजा जाऊन उरले ४,७८५ रुपये, ते मुद्दलातून कमी झाले. शिल्लक राहिली २९,९५,२१५. दुसऱ्या महिन्यात बँक व्याज लावते ते या शिल्लकीवर, मूळ ३० लाखांवर नाही. ते होतं २१,२१६ रुपये. म्हणून या वेळी मुद्दलात ४,८१९ रुपये गेले. तिसऱ्या महिन्यात व्याज २१,१८२ आणि मुद्दल ४,८५३.

घटत्या शिल्लकीवरचं व्याज ते हेच. बँकेनं या महिन्यात जे व्याज घेतलं, ते या महिन्यात तुमच्याकडे असलेल्या पैशांचंच घेतलं. पुढच्या महिन्याचं व्याज आज वसूल होत नाही, आणि विसाव्या वर्षाचं तर नाहीच. सुरुवातीला व्याज जास्त दिसतं, कारण सुरुवातीला तुम्ही जास्त पैसे वापरत असता. याउलट सपाट दरानं आकारणी केली असती तर मुद्दल कितीही फिटो, व्याज शेवटपर्यंत मूळ ३० लाखांवरच लागलं असतं. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचं ते ५१ लाख होतं आणि हप्ता ३३,७५० चा पडला असता. घटत्या शिल्लकीवर २० वर्षांचं एकूण व्याज साधारण साडेबत्तीस लाख होतं. कोणी ‘फक्त अमुक टक्के’ असं सांगून कर्ज द्यायला आला, तर तो दर सपाट आहे की घटत्या शिल्लकीवरचा, हा प्रश्न याचसाठी सगळ्यात आधी विचारायचा.

आता मुद्दलाचे ते तीन आकडे पुन्हा बघा: ४,७८५, मग ४,८१९, मग ४,८५३. दर महिन्याला ३४ रुपयांनी वाढले. हे ३४ रुपये आले कुठून? पहिल्या महिन्यात जे ४,७८५ रुपये फिटले, त्यांच्यावर आता व्याज लागत नाही. ४,७८५ चं एका महिन्याचं व्याज होतं ३४ रुपये. हप्ता तर ठरलेला आहे, म्हणून व्याजात वाचलेले हे ३४ रुपये आपोआप मुद्दलाच्या वाट्याला गेले. पुढच्या महिन्यात ४,८१९ रुपये फिटले, त्यांच्यावरचं व्याज वाचलं, तेही मुद्दलात गेलं. म्हणजे मुद्दलाचा भाग दर महिन्याला कर्जाच्याच दरानं, ०.७०८३ टक्क्यानं वाढत जातो. जे चक्रवाढ व्याज म्हणून आपल्याला भीतिदायक वाटतं, तेच इथे फेडणाऱ्याच्या बाजूनं काम करत असतं. सुरुवातीला त्याचा वेग जाणवत नाही एवढंच.

हे एकदा लक्षात आलं की हप्त्याचं कोडंही सुटतं. बँकेचा माणूस संगणकात तीन आकडे घालतो आणि हप्ता बाहेर पडतो, त्यामुळे आत काहीतरी अवघड सूत्र असावं असं वाटतं. खरं तर प्रश्न इतकाच असतो: पहिल्या महिन्यात मुद्दलात किती रुपये जायला हवेत, म्हणजे ते दर महिन्याला ०.७०८३ टक्क्यानं वाढत वाढत २४० महिन्यांत बरोबर ३० लाख होतील? रक्कम वाढतच नसती, तर पहिल्या रकमेची २४० पट झाली असती. वाढत असल्यामुळे ती ६२७ पट होते. हा ६२७ आकडा कर्जाच्या रकमेवर अवलंबून नाही. तो फक्त दर आणि मुदत यांवरून येतो. ३० लाखांना ६२७ नं भागलं की ४,७८५ मिळतात. त्यात पहिल्या महिन्याचं व्याज २१,२५० मिळवलं की झाला हप्ता: २६,०३५. बँकेचं सूत्र वेगळ्या रूपात लिहिलेलं असतं, पण त्यातून येणारा आकडा हाच.

म्हणजे हप्त्याचे दोन तुकडे स्वभावानं अगदी वेगळे आहेत. एक तुकडा मुदतीला जुमानत नाही: पहिल्या महिन्याचं व्याज. मुदत १५ वर्षं ठेवा, २० ठेवा की ३०, ते २१,२५० च राहणार. मुदतीनं हलतो तो फक्त दुसरा तुकडा. १५ वर्षांसाठी पहिल्या महिन्याचं मुद्दल ८,२९२ रुपये लागतं, २० वर्षांसाठी ४,७८५, आणि ३० वर्षांसाठी अवघे १,८१७.

घर घेताना हा तपशील बारकाईनं पाहण्यासारखा आहे. हप्ता झेपत नाही म्हणून मुदत २० वर्षांची ३० वर्षं केली, तर हप्ता २६,०३५ वरून २३,०६७ होतो. महिन्याला तीन हजारांपेक्षा थोडी कमीच सवलत मिळाली. त्यासाठी १० वर्षं जास्त हप्ते भरायचे आहेत, आणि एकूण व्याज साडेबत्तीस लाखांवरून ५३ लाखांवर जातं. उलट बाजूला, महिन्याला साडेतीन हजार जास्त भरायची तयारी असेल तर हप्ता २९,५४२ होतो, मुदत १५ वर्षांवर येते आणि एकूण व्याज सुमारे २३ लाख २० हजार होतं. मुदत कितीही ताणली तरी हप्ता २१,२५० च्या खाली येऊच शकत नाही, कारण तेवढं तर निव्वळ व्याजच आहे. माझ्या मते, पगार अगदीच अपुरा असेल तरच ३० वर्षांचा पर्याय घ्यावा. घरखर्चात थोडी मोकळीक हवी एवढ्यासाठी तो फार महाग पडतो.

मग हप्त्यात व्याजापेक्षा मुद्दल जास्त कधी होतं? आपल्या २० वर्षांच्या उदाहरणात १४३ व्या हप्त्याला. त्या हप्त्यात मुद्दल १३,०३६ आणि व्याज १२,९९९ असतं. म्हणजे जवळजवळ १२ वर्षं हप्त्यातला मोठा भाग व्याजाचाच राहतो. निम्मं मुद्दल, म्हणजे १५ लाख, फिटायला त्याहून वेळ लागतो. तो टप्पा १६६ व्या हप्त्याला गाठला जातो, १३ वर्षं १० महिन्यांनी. १० वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी कर्ज निम्मं उरलं असेल असं आपलं मन सांगतं, पण तेव्हा २१ लाख रुपये, म्हणजे ७० टक्के कर्ज, अजून उभं असतं. घर विकायला निघालेल्या माणसाला बँक हा आकडा सांगते तेव्हा त्याला तो खोटा वाटतो. हिशेब मात्र बरोबर असतो.

या १४३ व्या हप्त्यामागे एक गंमत आहे, आणि ती माहीत झाली की परतफेडीचा कुठलाही तक्ता एका नजरेत वाचता येतो. हप्त्याची वाटणी कर्जाच्या रकमेवर ठरत नाही. तो कितवा हप्ता आहे, यावरही ठरत नाही. त्या हप्त्यापासून शेवटपर्यंत किती हप्ते उरले आहेत आणि दर किती आहे, एवढ्यावरच ती ठरते. साडेआठ टक्के दराला मुद्दलाचा भाग साधारण ९८ महिन्यांत दुप्पट होतो. शेवटच्या हप्त्यात जवळजवळ सगळंच मुद्दल असतं: आपल्या उदाहरणात २५,८५२ रुपये मुद्दल आणि फक्त १८३ रुपये व्याज. तिथून ९८ हप्ते मागे गेलं की मुद्दल निम्म्यावर येतं. आणखी ९८ मागे गेलं की चौथ्या हिश्श्यावर.

म्हणून साडेआठ टक्क्यांचं कोणतंही कर्ज घ्या, दहा लाखांचं असो की एक कोटीचं, शेवटचे ९८ हप्ते राहिले की मुद्दल व्याजाच्या पुढे जातं. कर्ज ८ वर्षांचंच असेल, तर पहिल्याच हप्त्यात मुद्दल जास्त असतं. ते ३० वर्षांचं असेल तर ही वेळ २६३ व्या हप्त्याला येते, जवळपास २२ वर्षांनी. बँक लबाडी करते म्हणून सुरुवातीचे हप्ते व्याजात जातात असं असतं, तर ८ वर्षांच्या कर्जात ती लबाडी दिसली असती. मुदत लांब घेतली की आपणच तो व्याजाचा लांब टप्पा पुढे जोडून घेतो.

ज्यांना संगणकावर एक्सेल उघडता येतं, त्यांना हे सगळं स्वतः ताडून बघता येईल. खालच्या तीन ओळींतली पहिली हप्ता देते, दुसरी १४३ व्या हप्त्यातलं व्याज आणि तिसरी त्यातलं मुद्दल. आकडे बदलून स्वतःचं कर्ज घाला.

```
=PMT(8.5%/12,240,-3000000)
=IPMT(8.5%/12,143,240,-3000000)
=PPMT(8.5%/12,143,240,-3000000)
```

इथपर्यंत आपण दर २० वर्षं स्थिर धरला. प्रत्यक्षात आपल्याकडची बहुतेक गृहकर्जं बदलत्या दराची असतात. बँकांनी १ ऑक्टोबर २०१९ पासून दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या निर्देशक दराशी जोडलेली असतात. बहुतेक ठिकाणी तो रिझर्व्ह बँकेचा रेपो दर असतो. रेपो हलला की काही काळात तुमचा दरही हलतो. आणि नेमकं इथे, आतली वाटणी न समजल्याचा फटका सगळ्यात जोरात बसतो.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. त्याआधी पावणेसात टक्क्यांनी ३० लाख घेतलेलं २० वर्षांचं एक कर्ज डोळ्यांपुढे आणा. हप्ता होता २२,८११. वर्षभर हप्ते भरून शिल्लक साधारण २९ लाख २६ हजार राहिली आणि मग दर अडीच टक्क्यांनी वाढून सव्वानऊ झाला. प्रत्यक्षात तो टप्प्याटप्प्यानं वाढला, इथे हिशेब सोपा राहावा म्हणून एकदम वाढवू. नव्या दरानं त्या शिल्लकीचं महिन्याचं व्याज झालं २२,५५९ रुपये. हप्ता २२,८११ चाच ठेवला, तर मुद्दलात जाणार किती? फक्त २५२ रुपये. महिन्याला २५२ रुपयांपासून सुरुवात करून २९ लाख फेडायचे, तर राहिलेले २२८ हप्ते वाढून ५८६ च्या वर जातात. १९ वर्षांची मुदत जवळपास ४९ वर्षं होते. मुदत मूळ १९ वर्षंच ठेवायची असेल, तर हप्ता २७,२९९ करावा लागतो.

दर आणखी थोडा चढला असता तर व्याजच हप्त्याच्या पुढे गेलं असतं. मग हप्ता भरूनही कर्ज कमी न होता वाढत राहतं, कारण न भरलं गेलेलं व्याज मुद्दलात मिसळतं. त्या काळात हप्ता बदलला नाही म्हणून अनेक कर्जदार निश्चिंत होते. दर वाढल्यावर हप्ता तोच ठेवून मुदत वाढवायची, ही बऱ्याच ठिकाणची रीत होती, आणि ग्राहकाला ते विचारलंही जात नव्हतं. पन्नाशीतल्या माणसाची मुदत निवृत्तीच्या पलीकडे गेलेली असायची आणि खात्याचा उतारा काढेपर्यंत त्याला पत्ता नसायचा.

रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२३ रोजी परिपत्रक काढून याला आवर घातला. दर बदलल्यामुळे हप्ता किंवा मुदत बदलणार असेल तर ते ग्राहकाला कळवायचं, हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही थोडं थोडं हे त्याला निवडू द्यायचं, मुदत वाढवली तरी कर्ज उलटं वाढत जाणार नाही याची खात्री करायची, आणि दर तिमाहीला उतारा द्यायचा, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. त्या तिमाही उताऱ्यात आजवर वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर एवढं तरी असायलाच हवं. यातला ‘उरलेले हप्ते’ हा आकडा मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो. वाटणी त्यावरच ठरते हे आपण पाहिलंच. २०२५ मध्ये रेपो दर टप्प्याटप्प्यानं खाली येऊन डिसेंबरमध्ये सव्वापाच टक्क्यांवर आला. दर उतरताना हप्ता तोच ठेवला तर मुदत आपोआप घटते. २०२२-२३ मध्ये वाढलेले हप्ते त्यानंतर किती कमी झाले, हे जुन्या कर्जदारांनी उतारा काढून बघायला हवं.

आता लवकर फेडीचा प्रश्न. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीनं मुदतीआधी रक्कम भरली तर बँकेनं दंड लावायचा नाही, हा नियम २०१२ पासून आहे. तेव्हा हातात लाखभर रुपये आले तर काय होतं, ते पहिल्याच उदाहरणात बघू. पहिलं वर्ष संपल्यावर एक लाख जादा भरले आणि हप्ता २६,०३५ च ठेवला, तर राहिलेल्या २२८ हप्त्यांपैकी शेवटचे १८ गळून जातात. ते १८ हप्ते सुमारे ४ लाख ७० हजारांचे असतात, म्हणजे भरलेले एक लाख वजा जाता ३ लाख ७० हजार व्याज वाचलं. हेच एक लाख १० वर्षांनी भरले तर पावणेनऊ हप्ते वाचतात आणि व्याजात सव्वा लाखाच्या आसपास बचत होते.

यावरून लोक म्हणतात की लवकर भरलेले पैसे जास्त किफायतशीर आणि नंतरचे वाया. पहिलं अर्धं खरं, दुसरं चुकीचं. पहिल्या वर्षानंतर भरलेला लाख १७ वर्षांहून जास्त काळ व्याज वाचवत राहिला, दहाव्या वर्षानंतरचा ९ वर्षांहून थोडा जास्त. फरक काळाचा आहे. दर वर्षाला वाचणारा टक्का दोन्ही वेळी तोच, साडेआठ. दहाव्या वर्षी हप्त्यात मुद्दल किती आणि व्याज किती, याचा त्या निर्णयाशी काही संबंध नाही. त्या दिवशी २१ लाख शिल्लक आहे आणि तिच्यातला प्रत्येक रुपया साडेआठ टक्क्यांनी व्याज खातो आहे. तो लाख दुसरीकडे लावून, कर वजा जाऊन, खात्रीनं साडेआठ टक्क्यांपेक्षा जास्त मिळणार असतील तर तिकडे लावा. नाहीतर कर्जात भरणं कोणत्याही वर्षी तितकंच चांगलं. अडीअडचणीला लागणारी पुंजी मात्र आधी बाजूला काढून ठेवायची, कारण कर्जात भरलेले पैसे साध्या कर्जखात्यातून परत काढता येत नाहीत.

जादा रक्कम भरताना बँकेत विचारलं जातं, किंवा विचारलं जायला हवं: हप्ता कमी करायचा की मुदत? पहिल्या वर्षानंतरच्या त्याच लाखाला मुदत तशीच ठेवून हप्ता कमी करून घेतला, तर तो ८८५ रुपयांनी उतरतो आणि शेवटपर्यंत मिळून व्याजाची बचत साधारण एक लाखाची होते. मुदत कमी केली तर ३ लाख ७० हजारांची. इतका फरक पडतो, कारण हप्ता तोच ठेवणं म्हणजे ते ८८५ रुपयेही दर महिन्याला मुद्दलात भरत राहणं. ज्यांना हप्ता खरंच जड जातो आहे त्यांनी तो कमी करून घ्यावा. बाकीच्यांनी मुदत कमी करावी, आणि तसं अर्जात स्पष्ट लिहून द्यावं.

उतारा तपासायचा कसा, हे राहिलं. मागच्या महिन्याअखेरची शिल्लक घ्या, वार्षिक दरानं गुणा आणि १,२०० नं भागा. येणारा आकडा व्याजाच्या रकान्यातल्या आकड्याशी जुळला पाहिजे. काही बँका व्याज दिवसागणिक मोजतात, तिथे थोडा फरक दिसेल आणि तो चूक नसेल. ३० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी दिवसाचं व्याज ६९८ रुपये ६३ पैसे होतं. म्हणून ३१ दिवसांच्या महिन्यात व्याज २१,६५८ आणि २८ दिवसांच्या फेब्रुवारीत १९,५६२ दिसतं. अशा उताऱ्यात मुद्दलाचा आकडा एका सरळ चढावर न जाता महिन्यागणिक खालीवर होतो. शिल्लकीला दरानं गुणून ३६५ नं भागा आणि दिवसांनी गुणा, म्हणजे ताळा लागेल.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला असेल तर आणखी एक गोष्ट बघा. बिल्डरला बँक टप्प्याटप्प्यानं पैसे देते आणि पूर्ण रक्कम जाईपर्यंत बऱ्याचदा तुमच्याकडून फक्त व्याज घेतलं जातं. त्याला हप्तापूर्व व्याज म्हणतात. त्यातून मुद्दल एक रुपयानंही कमी होत नाही, आणि ताबा लांबला की हा काळही लांबतो. मूळ २४० हप्त्यांची मोजणी त्यानंतर सुरू होते. बँक परवानगी देत असेल तर दिलेल्या रकमेवर पहिल्यापासूनच पूर्ण हप्ता सुरू करून घेता येतो.

जादा भरलेल्या लाखाचाही ताळा असाच घ्या. साडेआठ टक्क्यांनी एक लाखाचं महिन्याचं व्याज ७०८ रुपये. महिन्याच्या सुरुवातीला रक्कम मुद्दलात जमा झाली असेल, तर त्या महिन्याचं व्याज आधीच्या तक्त्यापेक्षा ७०८ रुपयांनी कमी दिसलं पाहिजे. दिसत नसेल, तर पैसे मुद्दलात न जाता पुढच्या हप्त्यांसाठी आगाऊ म्हणून बाजूला ठेवले गेले असण्याची शक्यता आहे. मग त्याच आठवड्यात शाखेत अर्ज द्या, रक्कम मुद्दलात वळती करून घ्या आणि परतफेडीचा नवा तक्ता मागून घ्या. त्यात शेवटच्या हप्त्याचा महिना दीड वर्ष अलीकडे आलेला असेल.